संकासुराची जबानी

यंदा स्नेहसंमेलनात आमच्या गावच्या सातवीतल्या मुलांनी वीस मिनिटांचं एक नाटुकलं केलं आणि पुढचे पंधरा दिवस गावाला दुसरा विषय उरला नाही. गोष्ट दशावतारातली, शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली. संकासुर वेद पळवतो, विष्णू माशाचं रूप घेतो आणि त्याला मारतो. मुलांनी ती संकासुराच्या बाजूने मांडली होती. त्यांचा संकासुर शिकायची हौस असलेला गरीब मुलगा होता. ब्रह्मदेव त्याला दारातून हाकलतो, म्हणून तो पोथ्या उचलून नेतो, आणि शेवटी विष्णू त्याची माफी मागून त्याला पाठशाळेत बसवतो. वध नाहीच. पडदा पडला तेव्हा निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि निम्मे उठून गेले.

उठून गेलेल्यांचं म्हणणं, जत्रेत देवीसमोर होणाऱ्या गोष्टीची ही टवाळी आहे, उद्या पोरं चोराला चोर म्हणायची नाहीत. टाळ्या वाजवणाऱ्यांचं म्हणणं, गोष्टी नेहमी जिंकणाऱ्यांनी सांगितल्या, आता हरलेल्यांनी सांगायच्या. चहाच्या टपरीवर, देवळाच्या सभामंडपात, एसटीच्या मागच्या बाकावर हेच चालू होतं. मी दोन्हीकडचं ऐकत होतो आणि मला जाणवत होतं की तावातावाने भांडणारी ही माणसं एका गोष्टीवर मात्र बिनबोभाट एकमत आहेत. संकासुराबद्दल वाईट वाटायचं असेल तर आधी त्याला चोरीतून सोडवलं पाहिजे, असं दोघांनीही धरून चाललं आहे. एकाला तो सुटायला नको आहे, दुसऱ्याला हवा आहे, एवढाच फरक. माझ्या मते चूक तिथेच आहे. खलपुरुषाच्या बाजूने गोष्ट जरूर सांगावी, पण घडलेल्यातलं एक पानही हलवू नये. चोरी चोरीच राहावी, वध वधच राहावा, आणि तरीही ऐकणाऱ्याच्या पोटात कालवावं. हे जमत नसेल तर गोष्टीला हात लावू नये.

हा नियम मी पुस्तकातून काढलेला नाही. रात्रभर बाकड्यावर बसून दशावतार पाहिलेल्या कुणालाही तो माहीत असतो, फक्त कुणी त्याला नियम म्हणत नाही. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कुणी कुठला पार्ट घ्यायचा ते ठरतं, कथेचे टप्पे सांगितले जातात आणि नट रंगायला बसतात. पुढे रंगमंचावर जे बोललं जातं ते त्या रात्रीचं, त्या नटाचं. संवाद मोकळे, घटना बांधलेल्या. राक्षसपार्टी कितीही ताकदीचा असो, त्याने कितीही टाळ्या घेतल्या असोत, आख्यानात त्याचं मरण असेल तर पहाटेपर्यंत त्याला मरावं लागतं. पण मरण्याआधीच्या तासाभरात तो काय बोलेल, कुठे थांबेल, पखवाजाच्या थापेवर पाय किती जोरात टाकेल, हे सगळं त्याच्या हातात असतं. माझे एक काका असे पार्ट करायचे. ते म्हणत, ‘मराचा तर आसाच, पण कसा मराचा तां माझ्या हातात.’ खलनायकाच्या बाजूने गोष्ट सांगण्याचं सगळं शास्त्र मला त्या एका वाक्यात दिसतं.

आणि संकासुर तर त्यातही वेगळा. मुख्य आख्यानाआधीच्या आडदशावतारात तो येतो तेव्हा अंगभर काळा वेष, तोंडावर काळं कापड, त्यातून लोंबणारी लाल जीभ. पुराणातल्या दैत्याने खरं तर भीती घालावी. हा येतो आणि मालवणीत बोलायला लागतो. देव प्रमाण भाषेत, बऱ्यापैकी संस्कृताळलेलं बोलतात, आणि वेद चोरणारा मात्र आपल्या आजीसारखा बोलतो. त्या रात्री प्रेक्षकांच्या सगळ्यात जवळचा माणूस कोण असतो? कुणीतरी केव्हातरी ही योजना केली असेल किंवा ती आपसूक झाली असेल, पण तिच्यात एकही घटना बदललेली नाही. तो वेद चोरतो. तो मारला जातो. उत्तरेला रत्नागिरीकडे शिमग्यात हाच संकासुर खेळ्यांबरोबर कमरेला घुंगरं बांधून दारोदार फिरतो, पोरं त्याला घाबरतात आणि त्याच्याच मागे धावतात, मोठी माणसं त्याच्या पाया पडतात. ज्या गावात त्याच्या नावाने नारळ फुटतो त्या गावात त्याच्या बाजूने गोष्ट सांगणं म्हणजे परंपरेवर घाला, असं म्हणायचं असेल तर आधी परंपरा म्हणजे काय ते एकदा पाहून यावं लागेल.

आता मूळ गोष्टीकडे वळू, कारण या सगळ्या वादात ती कुणी उघडून पाहिल्याचं दिसलं नाही. पद्मपुराणातल्या कार्तिकमाहात्म्यात ती येते. तिथला शंख, म्हणजेच आपला संकासुर, हा समुद्राचा मुलगा. त्याने देवांना त्यांच्या जागांवरून हुसकलं, देव मेरूच्या गुहांत जाऊन राहिले. मग शंखाच्या मनात आलं की अधिकार गेले तरी यांचं बळ जात नाही, याचं कारण वेदमंत्र असले पाहिजेत. विष्णू झोपलेला आहे हे पाहून तो सत्यलोकी गेला आणि वेद घेऊन निघाला. वेद घाबरले आणि त्याच्या हातून सुटून पाण्यात शिरले. शंख त्यांना शोधत समुद्रात भटकत राहिला, पण ते त्याला कुठेही एका जागी सापडले नाहीत. इकडे ब्रह्मदेव देवांना घेऊन विष्णूकडे गेला. कार्तिक शुद्ध एकादशीला विष्णू जागा झाला, इवल्याशा माशाच्या रूपात कश्यप ऋषींच्या ओंजळीत आला, ओंजळीतून कमंडलूत, कमंडलूतून विहिरीत, विहिरीतून तळ्यात असा वाढत वाढत समुद्रात गेला. तिथे त्याने शंखाला मारलं. मग त्याला हातात घेऊन तो बदरीवनात आला आणि ऋषींना म्हणाला, पाण्यात विखुरलेले वेद शोधून आणा. ज्या ऋषीला जो भाग सापडला तो त्याचा झाला.

एवढीच गोष्ट. आमच्या कोकणात दोन भावांत बांधाचा दावा असतोच, तेव्हा पंचनामा आणि जबानी यांतला फरक इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पंचनामा एकच असतो: आंब्याचं झाड अमुक हातांवर, फांदी तमक्या बाजूला मोडलेली. जबान्या दोन असतात. खलनायकाच्या बाजूची गोष्ट म्हणजे नवी जबानी, आणि तिची पहिली कसोटी ही की तिच्यावरून पुन्हा पंचनामा केला तर तो जुन्याशी ओळीने ओळ जुळला पाहिजे. सातवीच्या नाटुकल्याचा पंचनामा केला तर काय निघतं? ब्रह्मदेवाने हाकलल्याची नोंद नवी घातलेली, देवांना हुसकल्याची नोंद गाळलेली, वध खोडलेला. ही जबानी नव्हे, ही पंचनाम्यातली खाडाखोड. दाव्यात असं केलं तर वकीलसुद्धा उभा राहत नाही.

आता या पंचनाम्यात काहीही न बदलता शंखाच्या बाजूला जाऊन उभं राहता येतं का ते पाहू. मला विचाराल तर दार उघडंच आहे, आणि ते एका वाक्यात आहे. तो शोधत भटकला आणि त्याला वेद सापडले नाहीत. आपण सगळे लहानपणापासून म्हणतो की संकासुराने वेद पळवले आणि समुद्रात लपवले. लपवले कुठे? त्याच्या हातून ते केव्हाच निसटले होते. ज्या चोरीसाठी तो मारला गेला त्या चोरीतला माल एक दिवसही त्याच्याजवळ नव्हता. हे माझं पदरचं नाही, माहात्म्यातच आहे. पण सांगणारा नेहमी ब्रह्मदेवाबरोबर विष्णूकडे निघून जातो, म्हणून समुद्रात काय चाललं होतं ते कुणी पाहत नाही. आपण फक्त ब्रह्मदेवाबरोबर न जाता मागे राहायचं.

मागे राहिलं तर शंखाच्या तोंडून गोष्ट साधारण अशी होते. मी देवांना त्यांच्या घरांतून काढलं. त्याची मला लाज नाही, तेव्हाही नव्हती. पण एक खटकत होतं. सगळं काढून घेतलं तरी ते गुहेत बसून ताठ होते. माझ्याकडे त्यांची सगळी आसनं होती आणि मी रात्री जागा राहत होतो. मग कळलं, ते काहीतरी म्हणतात. मला वाटलं, ते म्हणतात ते आणलं की झालं. मालक झोपलेला होता, म्हणजे ज्याच्या जागेपणी मी गेलो नसतो तो झोपलेला होता, हेही सांगून टाकतो. उचलून आणलं. आणि बापाच्या दारात पाय टाकला तोच हातातलं पाणी झालं. मी समुद्राचा मुलगा, या पाण्यात मला डोळे मिटूनही फिरता येतं, कुठला खडक कुठे आहे ते पायाला ठाऊक. तरी सापडेना. एका खळग्यात एक अक्षर वाजल्यासारखं होई, तिथे जावं तर पुढच्या खळग्यात वाजे. ऐकू यायचं, पण हाती लागायचं नाही. चार महिने गेले. वर यज्ञ बंद पडले होते, ते मीच बंद पाडले होते, आणि खाली मी त्याच मंत्रांच्या मागे लागलो होतो. मग एके दिवशी एक मासा आला. आधी वाटलं, याला विचारावं, याने पाहिले असतील.

यात चोरी आहे, देवांना हुसकणं आहे, झोपलेल्याचा फायदा घेणं आहे, यज्ञ बंद पडणं आहे. त्याने माफी मागितलेली नाही आणि त्याच्यावर कुणी अन्यायही केलेला नाही. तरीही शेवटच्या ओळीला घशात काहीतरी अडकतं, कारण ज्याच्या हातून मरायचं आहे त्याच्याकडेच हा वाट विचारायला निघाला आहे आणि ते आपल्याला ठाऊक आहे, त्याला नाही. बदललं काय? तीन गोष्टी. सांगणारा कुठे उभा आहे ते, त्या क्षणी त्याला किती ठाऊक होतं ते, आणि कुठे थांबायचं ते. जुन्या कथनात चार महिन्यांचा शोध अर्ध्या ओळीत उरकतो आणि माशाचं वाढणं सविस्तर येतं. इथे मासा एका ओळीत आणि शोध सावकाश. पुराणाच्या मजकुराला आपण फक्त वेगळ्या जागी श्वास घेऊन वाचलं. ‘चार महिने’ हा शब्दसुद्धा माझा नाही, चातुर्मासाची झोप आणि कार्तिकी एकादशीची जाग यांत तो हिशेब आधीच आहे. आमच्याकडचा जत्रांचा आणि दशावताराचा हंगामही त्याच सुमाराला सुरू होतो. शंख मेला की राक्षसपार्टी पेटारा उघडतात, असं काका हसून म्हणत.

याच्याविरुद्ध जे म्हणता येतं त्यातलं काही हलकं नाही. सगळ्यात पक्कं म्हणणं आमच्या गावातल्या एका निवृत्त मास्तरांनी मांडलं. ते म्हणाले, ‘बाबारे, घटना बदलू नका म्हणतोस, पण कुठली घटना? भागवतात वेद चोरणारा हयग्रीव आहे. तिथे ब्रह्मदेवाला झोप येते आणि त्याच्या मुखातून निसटलेले वेद तो उचलतो. तुझा पंचनामाच मुळात दोन ठिकाणी दोन आहे.’ हे खरं आहे. लोककथेचा एक पक्का मजकूर नसतो, दर दहा मैलांवर ती वेगळी असते. पण यावरून काहीही चालेल असं ठरत नाही. यावरून एवढंच ठरतं की आधी कुठली गोष्ट आपण सांगतो आहोत ते निवडावं आणि मग तिच्याशी इमान राखावं. भागवतातला निजलेला ब्रह्मदेव घ्यायचा, पद्मपुराणातला वेद न सापडणारा शंख घ्यायचा आणि शिमग्यातला पाया पडण्याजोगा संकासुर घ्यायचा, म्हणजे तिन्हींतलं सोयीचं तेवढं उचलून नायक तयार करायचा, ही पुन्हा खाडाखोडच. फक्त ती संदर्भ देऊन केलेली असते म्हणून पकडायला अवघड. मी वर हयग्रीवाच्या गोष्टीतली झोप वापरली नाही, आणि मोह झाला नाही असं नाही. निजलेल्या ब्रह्मदेवाने शंखाचं काम फार सोपं केलं असतं.

दुसरं म्हणणं उठून गेलेल्यांचं, आणि त्यातली भीती मी मान्य करतो. शंख हा कुणी दुबळा नाही. त्याने देवांच्या जागा बळकावल्या आहेत. बळकावणाऱ्याच्या मनात शिरून त्याची रात्रीची जाग सांगायला लागलो की हळूहळू बळकावलेल्या घरांतली माणसं दिसेनाशी होतात. असं प्रत्यक्षातही होतं. एखादा सावकार किती एकटा होता ते रंगवून सांगितलं की ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची नावंही कुणी विचारत नाही. म्हणूनच घटना न बदलण्याचा हट्ट. गुहेत राहणारे देव गोष्टीतून गाळले नाहीत तर ते दिसतच राहतात. नाटुकल्याने त्यांना गाळलं, आणि त्याक्षणी संकासुर निरागस झाला. निरागस माणसाबद्दल वाईट वाटायला काय लागतं? कुणालाही वाटेल. दोषी माणसाबद्दल, तो दोषी आहे हे विसरू न देता, वाटायला लावणं हे काम आहे. नाटुकलं पाहून पोर घरी जाऊन म्हणेल, संकासुर चांगला होता. दुसरं ऐकून ते म्हणेल, त्याने चोरलं, पण त्याला सापडलंच नाही. या दुसऱ्या वाक्यातल्या ‘पण’मध्ये चोरी पुसलेली नाही.

तिसरं म्हणणं टाळ्या वाजवणाऱ्यांचं. घटना तशाच ठेवल्या की निकालही तसाच राहतो, मग हरलेल्याला मिळालं काय? नुसती हळहळ? याला मी बळीचं उत्तर देईन. वामनाने तीन पावलं मागितली आणि तिसरं बळीच्या डोक्यावर ठेवून त्याला पाताळात घातलं. या घटनेत महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेतकऱ्याने कधी बदल केला नाही. बळी जिंकला असं सांगणारी गोष्ट मी ऐकलेली नाही. तरी दिवाळीत घराघरांतून ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हटलं जातं. तिसरं पाऊल पुसून टाकलं असतं, बळी राज्यावरच राहिला असता, तर ‘येवो’ म्हणायचं कारणच उरलं नसतं. निकाल कायम राहिला म्हणूनच शतकानुशतकं त्याच्याविरुद्ध दरवर्षी एक वाक्य म्हणत राहावं लागलं. सुखान्त केला की दुसऱ्या दिवशी सगळे मोकळे.

इथे कुणी जोतीराव फुल्यांचं नाव घेईल, घेतलंही. 1873 च्या ‘गुलामगिरी’त मत्स्य आणि शंखासुर यांच्यावर स्वतंत्र भाग आहे आणि त्यात शंखासुर हा समुद्रमार्गे आलेल्यांनी मारलेला इथला क्षेत्रपती आहे. पण फुले काय करत होते ते नीट पाहावं. ते गोष्ट सांगत नव्हते, गोष्टीच्या आडचा इतिहास आपल्याला दिसतो असा दावा करत होते आणि त्या दाव्यावर वाद घालायला धोंडीराव समोर बसवला होता. तो इतिहास पटो न पटो, तो प्रांत वेगळा. आणि गंमत अशी की त्यांनीही शंखासुराला जिवंत ठेवला नाही. त्यांच्या मांडणीचा सगळा जोरच त्याच्या मारलं जाण्यावर आहे. ज्यांना फुल्यांच्या नावाने वध खोडायचा आहे त्यांनी तो भाग पुन्हा वाचावा.

जुन्या नाटकात याचा सगळ्यात सरस नमुना भासाचा. ‘ऊरुभंग’ हे त्याचं एकांकी नाटक, गणपतिशास्त्र्यांनी 1912 पासून त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध केलेल्या नाटकांतलं. विषय दुर्योधनाच्या मांड्या फुटण्याचा. भास महाभारतातली मुख्य घटना बदलत नाही: भीमाने गदा मारली, मांड्या फुटल्या, दुर्योधन मरतो. द्यूत झालेलं आहे, द्रौपदीची विटंबना झालेली आहे, प्रेक्षकाला ते पाठ आहे. भास त्यातलं काहीच नाकारत नाही. तो फक्त एका लहान मुलाला रंगमंचावर आणतो. दुर्योधनाचा मुलगा दुर्जय बापाच्या मांडीवर बसायला येतो, रोज बसायचा तसा. आणि बापाला त्याला सांगावं लागतं की आता इथे बसता यायचं नाही. ज्या मांडीवर थाप मारून याने द्रौपदीला बोलावलं होतं तीच ही मांडी, हे भासाला सांगावं लागत नाही. ते आपल्याला आठवतं आणि आठवूनही वाईट वाटतं. द्यूतसभा गाळली असती तर हा प्रसंग फक्त गोड झाला असता.

आता असं कुणी म्हणेल की भासानेही मुलाचा प्रसंग पदरचा घातला, मग घटना बदलू नका हे कुठे राहिलं? प्रश्न रास्त आहे आणि इथे माझ्या पंचनाम्याच्या नियमाला एक पोटनियम आहे हे कबूल केलं पाहिजे. भर घालायला हरकत नाही, जोवर भरीने दोषाचं वजन हलत नाही. दुर्जय मांडीवर बसायला आला म्हणून भीमाची गदा कमी न्याय्य ठरत नाही की द्यूत कमी घाणेरडं ठरत नाही. उलट ब्रह्मदेवाने दारातून हाकलणं घातलं की चोरीचं कारणच दुसऱ्याच्या खात्यावर जातं. एका भरीने माणूस दिसतो, दुसरीने गुन्हेगार बदलतो. अशी पुनर्कथनं बिघडतात ती बहुतेक इथेच. खलनायकाला उंच करता येत नाही म्हणून नायकाला खाली ओढलं जातं. ओळखायची खूण सोपी आहे: गोष्ट संपल्यावर ऐकणारा संकासुराबद्दल बोलतो की ब्रह्मदेवाबद्दल? ब्रह्मदेवावर चिडून बाहेर पडला असेल तर आपण संकासुराची गोष्ट सांगितलीच नाही.

दुसरी खूण भाषेची. खलनायक स्वतःची बाजू समजावून सांगायला लागला की समजावं, लेखकाचा त्याच्यावर विश्वास उरलेला नाही. नाटुकल्यातला संकासुर ‘ज्ञान ही कुणाची मक्तेदारी नाही’ असं म्हणाला. वाक्य चांगलं आहे, पण ते त्याचं नव्हे, वर्गातल्या फळ्यावरचं आहे. काकांनी एकदा कुठल्याशा जत्रेत संकासुर केला होता. त्यांच्याकडून ब्रह्मदेव वेद मागतो तेव्हा ते एकदम गप्प झाले, दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, ‘चोरलंय तां खरां, पण गावला खंय?’ लोक हसले. हसता हसता मागच्या रांगेतली एक म्हातारी ‘अगे बाय’ म्हणाली. काकांनी पद्मपुराण वाचलं नव्हतं, ते कुठून आलं मला माहीत नाही, आणि विचारायला आता ते नाहीत.

वाद शमल्यावर शाळेतल्या बाईंनी मला बोलावलं. तालुक्याच्या स्पर्धेला तेच नाटुकलं न्यायचं होतं आणि त्यांना ते पुन्हा बांधायचं होतं. हाकलण्याचा प्रसंग काढला, गुहेतले देव परत आले, मध्ये शोध घातला. निळ्या साडीचा समुद्र आणि त्याच्या खालून चालणारी एक मुलगी, कारण संकासुर यंदा एका मुलीकडे होता. ती फार बोलत नव्हती, नुसती वाकून वाकून बघत होती. ते जमलं. अडलं शेवटी. वध झाल्यावर तिने विचारलं, ‘काका, मी मेल्यावर उठून जाऊ का आत? पुढे माझं काम नाही ना?’

मी सांगितलं की आहे. विष्णू शंखाला हातात घेऊनच बदरीवनात जातो, तेव्हा मत्स्य झालेल्या मुलाने तिला ओढत का होईना, पुढे आणायचं आणि तिथेच ठेवायचं. मग ऋषी निघतात. ज्या साडीखाली ती शोधत होती त्याच साडीखाली शिरतात, आणि पहिल्याच खळग्यात एकाला वेद सापडतो, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. सापडला की प्रत्येकाने मोठ्याने ओरडायचं, ‘गावलो!’ हे सगळं होईपर्यंत तिने डोळे मिटून तिथे पडून राहायचं. पहिल्या तालमीला तिसऱ्या ‘गावलो’ला तिची बोटं हलली. बाई म्हणाल्या, मेलेला माणूस हलत नाही. मी म्हटलं, राहू दे.